उधारीचा हिशेब – भाग ७ : नाखवाला खातेउतारा, शूटिंगला सुटं बिल

मढच्या कोळीवाड्यात होडी समुद्रात निघण्याआधी बर्फाची गाडी येते. लाद्या फोडून होडीत भरल्या जातात आणि पैसे मासळी विकल्यावर येतात. तेही बिलाच्या आकड्याइतके नाहीत, तर हातात असतील तसे: कधी दहा हजार, कधी वीस. अशा गिऱ्हाइकाला प्रत्येक फेरीचं वेगळं बिल देऊन त्याचे वेगळे पैसे मागणं जमत नाही. त्याला महिन्याचा खातेउतारा लागतो.

असा एक उतारा मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते, कर धरून ३०० रुपये लादी. सप्टेंबरअखेर नाखवाकडे १२,६०० रुपये बाकी होती. ६ ऑक्टोबरला ९,००० चा बर्फ गेला, १२ ला ७,५०० चा, १९ ला ९,००० चा आणि २६ ला ८,४०० चा. एकोणीस तारखेला तीन लाद्या कमी उतरल्या, म्हणून ९०० रुपये वजा झाले. १० तारखेला १०,००० आणि २२ ला २०,००० जमा झाले. महिनाअखेर येणं १५,६००. ओळी आठच, पण त्यात मागची बाकी, माल, वजावट आणि जमा सगळं तारखेनं दिसतं. मागच्या बाकीची ओळ गाळली तर तो उतारा राहत नाही, नुसती बिलांची यादी होते, आणि पुढच्या महिन्यात भांडण ठरलेलंच.

जमा झालेली रक्कम कोणत्या बिलापोटी धरायची, हा खरा कळीचा प्रश्न. करार कायद्याची कलमं ५९ ते ६१ याचं उत्तर देतात. देणाऱ्यानं बिल सांगितलं तर त्याच बिलापोटी. तो काहीच बोलला नाही तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही तर सर्वांत जुनं देणं आधी फिटतं. वरच्या हिशेबात हा शेवटचा नियम लावला, तर मागची बाकी, सहा आणि बारा तारखेची बिलं पूर्ण फिटतात. १९ च्या बिलाचे ७,२०० आणि २६ चे ८,४०० उरतात. म्हणजे सर्वांत जुनी बाकी बाराच दिवसांची. नाखवा रडतखडत देतोय असं वाटलं, तरी खातं तसं सांगत नाही. नुसत्या एकूण आकड्यातून हे कधीच कळलं नसतं.

त्याच बर्फवाल्याचं दुसरं गिऱ्हाईक मढच्या बंगल्यांत शूटिंगला येतं. युनिट चार दिवस राहतं आणि निघून जातं. निर्मिती कंपनीच्या हिशेबनीसाला प्रत्येक खेपेचं बिल हवं असतं, त्यावर कंपनीचा जीएसटी क्रमांक आणि कोणत्या दिवसाच्या शूटिंगचा माल तेही. कराची वजावट बिलावर मिळते, खातेउताऱ्यावर नाही. शिवाय एका बिलावर वाद झाला तर तेवढंच अडकतं, बाकीची पास होतात. इथे सुटी बिलंच बरी. महिनाअखेर उतारा पाठवावा, पण तो ताळा घ्यायला, म्हणजे एखादं बिल हिशेबनीसाकडे पोहोचलंच नसेल तर लगेच उघडं पडतं.

इथे एक चूक वारंवार होते. उतारा बिल समजून नोंदवला जातो, आणि तोच माल खरेदीत दोनदा चढतो. विक्रेत्याच्या बाजूला विक्री दोनदा चढते. म्हणून उताऱ्यावर ठळक लिहावं: ‘हे बिल नाही’. आणि प्रत्येक ओळीत बिल क्रमांक असावा.

मग नाखवाला बिल द्यायचंच नाही का? विक्रेता जीएसटीत नोंदलेला असेल तर द्यावंच लागतं, साधारणपणे माल निघतानाच. सवलत एवढीच, की माल नियमित पुरवण्याचा आणि ठरावीक मुदतीनं बिल करण्याचा करार असेल, तर उताऱ्याच्या वेळी किंवा त्याआधी बिल निघालं तरी चालतं. कराराशिवाय महिन्याचं एक बिल फाडणं मात्र चुकीचं आहे. करार असला तरी प्रत्येक फेरीची सही घेतलेली पावती हवीच. लाद्या वितळल्यावर मोजता येत नाहीत.

आणखी एक कागद मे महिन्यात करायचा. १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर चढतात आणि पैशाची आवक थांबते. त्याआधीच्या उताऱ्यावर नाखवाकडून ‘इतकी बाकी मान्य’ असं लिहून सही घ्यावी. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दाव्याची मुदत तीन वर्षं असते, आणि ती संपण्याआधी देणं लेखी मान्य केलं तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. विक्रेत्याच्या वहीतली एकट्याची नोंद कोर्टात तेवढ्यावर पुरत नाही. ही सही नाखवाच्याही कामाची असते, कारण ऑगस्टमध्ये खातं पुन्हा सुरू होतं तेव्हा दोघं एकाच आकड्यापासून निघतात.