‘सरकारमान्य आहे’ हे उत्तर नव्हे

शेवगावात आता साधा सोलर बसवायचा म्हटला, तरी माणूस आधी विचारतो, “फर्म रजिस्टर आहे का? किती वर्षं झाली?” त्यात गैर काहीच नाही. शेअर मार्केटच्या नावाखाली भरमसाट परताव्याचं आमिष दाखवून तालुक्यातल्या लोकांचे पैसे गोळा करणारे कित्येक जण 2024 मध्ये ऑफिसं बंद करून पसार झाले. तिथं गेलेला पैसा कापसाचा, उसाचा, निवृत्तीचा होता. त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. संताप येतो तो त्यावर सर्रास मिळणाऱ्या उत्तराचा: भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, “सरकारमान्य आहे, हे बघा सर्टिफिकेट.”

ती फ्रेम बहुतेक वेळा उद्यम नोंदणीची असते. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून udyamregistration.gov.in वर मोफत होते. मालकानं आधार आणि पॅन देऊन स्वतःच माहिती भरायची. कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत. सर्टिफिकेटवर तारखांच्या ओळी नीट वाचा. फर्म स्थापन झाल्याची आणि व्यवसाय सुरू झाल्याची तारीख मालकानं सांगितलेली असते. उद्यम नोंदणीची तारीख तेवढी यंत्रणेनं टाकलेली. म्हणजे ‘1998 पासून’ असं त्यावर छापून आलं, तरी ते मालकाचंच म्हणणं आहे, सरकारची साक्ष नव्हे.

दुसरी फ्रेम शॉप ॲक्टची. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील, तर नोंदणी करावीच लागत नाही. व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. तुमचं काम चांगलं आहे किंवा लोकांकडून ठेवी घ्यायला तुम्हाला परवानगी आहे, असं त्या पावतीत कुठंही लिहिलेलं नसतं. किती वेळा सांगायचं, नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे! गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन द्यायचा असेल, तर सेबीची नोंदणी लागते आणि सल्लागाराचा तो क्रमांक INA ने सुरू होतो. तो असूनही खात्रीशीर परताव्याचं वचन देता येत नाही. सोलरवाल्याचं नाव पीएम सूर्यघर योजनेच्या विक्रेत्यांच्या यादीत नसेल, तर ग्राहकाचं अनुदान अडकतं, मग उद्यमची फ्रेम कितीही मोठी असो.

म्हणून उत्तर देणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं, या कामासाठी कोणती नोंदणी लागते? तीच पहिली सांगावी.

आता वयाचा प्रश्न. समजा, एकानं 2014 मध्ये एकट्यानं मोटार दुरुस्ती सुरू केली, 2021 मध्ये भावाला घेऊन भागीदारी केली आणि सोलरचं काम धरलं. ग्राहकाला तो सांगतो, “दहा वर्षं झाली.” ग्राहक gst.gov.in वर जीएसटी क्रमांक टाकतो, तिथं नोंदणीची तारीख दिसते 2021 ची. ग्राहकाला वाटतं, हा थापा मारतोय. खरं तर भागीदारीला नवा पॅन लागला आणि जीएसटी क्रमांकात पॅन गुंफलेला असल्यानं तो क्रमांकही नवाच आला. त्याचं सहावं अक्षर पाहिलं तरी हे कळतं: व्यक्ती असेल तर P, भागीदारी फर्म असेल तर F, कंपनी असेल तर C. तेव्हा उत्तर असं असावं: “मी 2014 पासून मोटारींचं काम करतो. ही भागीदारी 2021 ची आहे, सोलरही तेव्हापासूनच करतो. हा जीएसटी क्रमांक, तुम्हीच तपासा. जुन्या कामाची बिलं दुकानात आहेत.” सोलरचा अनुभव विचारला असेल, तर 2021 च सांगायचं, मोटारींची वर्षं त्यात मिळवायची नाहीत. क्रमांक लिहून द्यावा, फोटो नको. फोटोत रद्द झालेली नोंदणीही चालूच दिसते. पोर्टलवर मात्र ती रद्द झाल्याचं दिसतं.

आणखी काही समज. ‘जीएसटी नाही म्हणजे बोगस’: राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे वार्षिक 40 लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंतच्या उलाढालीवर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही; तसं असेल तर तसंच सांगावं. ‘जीएसटीची तारीख 1 जुलै 2017, म्हणजे फर्म तेव्हाची’: जीएसटीच त्या दिवशी सुरू झाला, जुन्या व्हॅटवाल्यांनाही तीच तारीख मिळाली. ‘नोंदणी नसलेली भागीदारी बेकायदा’: 1932 च्या कायद्यानं नोंदणी ऐच्छिक आहे, पण ती नसेल तर ग्राहकानं बुडवलेल्या पैशासाठी फर्मला दावा लावता येत नाही, तोटा फर्मचाच. ‘प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे भक्कम’: कंपनी थोडक्या भांडवलावरही उभी राहते, आणि ती बुडाली तर भागधारकांची जबाबदारी त्यांच्या भागांपुरतीच, तिचं स्थापनेचं वर्ष मात्र लपत नाही, 21 अक्षरांच्या सीआयएन क्रमांकात राज्याच्या दोन अक्षरांनंतर ते सरळ लिहिलेलं असतं.