कापसाच्या पोटातली आग

बिलोलीच्या आमच्या जुन्या घरात वेचणीच्या दिवसांत माजघर कापसाने छतापर्यंत भरलेले असे. एका संध्याकाळी चुलीतली ठिणगी त्या ढिगावर पडली. आईने घागर ओतली, ज्वाळा बसली आणि सगळे निर्धास्त झोपले. पहाटे करपट वास आला. आजोबांनी ढिगात हात घातला आणि चटका बसताच मागे घेतला. मग सगळा कापूस अंगणात उपसून, पिंजून, पुन्हा भिजवावा लागला. आग रात्रभर आत धुमसत होती.

जळण्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता. यालाच अग्नित्रिकोण म्हणतात. एक बाजू काढली की आग संपते, आणि अग्निशामक उपकरणे नेमके तेच करतात.

पाणी उष्णता काढते. तीस अंशांचे पाणी उकळीला येईपर्यंत जेवढी उष्णता घेते, त्याच्या सातपटीहून अधिक उष्णता त्याची वाफ होताना शोषली जाते. म्हणून कापूस, लाकूड, कागद यांना पाणीच हवे. मात्र तेल पाण्यावर तरंगते. पेटलेल्या तेलात पाणी टाकले, तर ते खाली जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडवते. तिथे फेस लागतो. तेल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. फेसाची साय ती वाफ खालीच दाबून धरते, त्यामुळे इंधन आणि हवा यांची गाठ पडत नाही.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. तो ज्वाळेभोवतालची हवा बाजूला सारतो. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन १५ टक्क्यांच्या आसपास उतरला की बहुतेक ज्वाळा विझतात. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून विजेच्या पेटीसाठी तो योग्य. पण तो गार फारसा करत नाही. धुमसणाऱ्या कापसाला अगदी थोडा ऑक्सिजन पुरतो, आणि तंतूंमध्ये हवा अडकलेली असतेच. वायू विरला की निखारा पुन्हा पेट घेतो.

पाण्याचीही मर्यादा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज धुमसू लागले. त्याच्या एकाच तळघरात कापसाच्या गाठी आणि स्फोटके होती. जवानांनी नऊशे टनांहून अधिक पाणी ओतले, पण दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडत नव्हते. जहाजाच्या बाहेरच्या पत्र्यावरचा रंग फुगून आत धग कुठे आहे ते सांगत होता. आतले पाणी उकळत होते. म्हणजे पाणी उष्णता घेत होते, पण निखाऱ्यापर्यंत पोहोचत नव्हते. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. त्या दिवशी ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

आजोबांना त्रिकोण ठाऊक नव्हता. पण त्या दिवसापासून भिजवलेला कापूस उपसून, प्रत्येक पुंजक्यात हात घालून गार लागेपर्यंत ते घरात घेत नसत.