सामन्याचे वृत्त : निकाल आधी, नारळ मागाहून

भाताची कापणी व झोडणी आटोपली, म्हणजे रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर गावोगाव कबड्डीचे सामने सुरू होतात. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी या खेळाचे हुतुतू हेच नाव असे. सामने पाहून येणारे विद्यार्थी मोठ्या हौसेने त्यांचे वृत्त लिहून आणतात; परंतु त्यांपैकी बहुतेक वृत्तांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. वृत्त संपते, तरी सामन्यात काय झाले हे वाचकास समजलेलेच नसते. असे एक वृत्त घेऊन ते आम्ही कसे दुरुस्त केले, हे येथे सांगण्याचे योजिले आहे. संघांची खरी नावे गाळून आम्ही एकास किनाऱ्याचा संघ व दुसऱ्यास खाडीचा संघ असे म्हणतो.

मूळ वृत्त असे होते :

“शनिवारी सायंकाळी गावच्या देवळासमोरील पटांगणात भव्य कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना मोठ्या उत्साहात पार पडला. प्रथम मान्यवरांच्या शुभहस्ते श्रीफळ वाढवून मैदानाचे पूजन करण्यात आले. प्रमुख पाहुण्यांनी समयोचित भाषण केले. त्यानंतर दोन तुल्यबळ संघांत अटीतटीची झुंज सुरू झाली. क्षणाक्षणाला पारडे इकडून तिकडे झुकत होते. दोन्ही संघांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांचे पारणे फेडले. शेवटच्या चढाईपर्यंत उत्कंठा शिगेला पोहोचली होती. अखेर खाडीच्या संघाने किनाऱ्याच्या संघास धूळ चारून विजयश्री खेचून आणली. या विजयात कोपरारक्षकाचा सिंहाचा वाटा होता. पारितोषिक वितरणानंतर आभारप्रदर्शन होऊन कार्यक्रमाची सांगता झाली.”

भाषा शुद्ध आहे, अक्षरही वळणदार होते. परंतु कोण जिंकले हे कळावयास आठव्या वाक्यापर्यंत जावे लागते, आणि किती गुणांनी जिंकले हे तर कोठेच नाही! वृत्त लिहिणाऱ्याने घडल्या क्रमाने सर्व लिहिले. आधी नारळ फुटला म्हणून आधी नारळ, शेवटी आभार मानले म्हणून शेवटी आभार. रोजनिशीस हा क्रम शोभतो. वृत्ताचा वाचक मात्र सामन्यास गेलेला नसतो व त्यास प्रथम निकाल हवा असतो. शिवाय वर्तमानपत्रात जागा अपुरी पडली की संपादक मजकूर खालून कापतो, ही जुनी रीत आहे. वरील वृत्त खालून अर्धे कापले, तर नारळ व भाषण शिल्लक राहते आणि विजेता संघ नाहीसा होतो.

आता त्यातील ठराविक शब्द पाहू. ते ओळखण्याची आमची कसोटी सोपी आहे. वाक्य जसेच्या तसे उचलून गतवर्षीच्या दुसऱ्या एखाद्या सामन्याच्या वृत्तात ठेवावे. तेथेही ते चपखल बसले, तर ते या सामन्याविषयी काहीच सांगत नाही. ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ हे वाक्य कबड्डीस, खोखोस, बैलगाड्यांच्या शर्यतीस, फार काय, दिवाळीच्या रोषणाईसही चालते. (डोळ्यांनी इतके दिवस उपवास धरला होता, हे तरी लेखकास कोणी सांगितले?) ‘धूळ चारली’ याविषयी इतकेच म्हणतो की, आपल्या पुळणीवर खेळणाऱ्या चौदाही गड्यांच्या तोंडी ती थोडीबहुत जातेच.

परंतु असे शब्द नुसते खोडून काम भागत नाही. आमचा अनुभव असा आहे की, जेथे ठराविक शब्द येतो तेथे बहुधा एखादी खरी हकीकत विचारावयाची राहून गेलेली असते. म्हणून आम्ही प्रत्येक शब्दापुढे समासात एक प्रश्न लिहिला. ‘अटीतटीची झुंज’ : मध्यंतरास गुण किती होते? ‘पारडे झुकत होते’ : आघाडी कितीदा बदलली? ‘सिंहाचा वाटा’ : त्या गड्याने किती पकडी केल्या, व कोणत्या वेळी? हे प्रश्न घेऊन तो विद्यार्थी गुणलेखकाकडे गेला व गुणपत्रक पाहून आला. तेव्हा कळले की, मध्यंतरास किनाऱ्याचा संघ १७-११ असा पुढे होता व शेवटी खाडीने ३१-२८ असा सामना जिंकला. आघाडी सबंध सामन्यात एकदाच बदलली होती. म्हणजे ‘क्षणाक्षणाला पारडे झुकत होते’ हे वाक्य शिळे तर होतेच, पण खोटेही होते.

यापुढचे काम अधिक कठीण : सामना फिरला कोठे? विद्यार्थ्याचे म्हणणे, शेवटच्या चढाईत. कारण आरडाओरडा त्या वेळी सर्वांत अधिक झाला. परंतु पत्रक पाहता त्या चढाईपूर्वी खाडी ३१-२७ अशी पुढे होती. एका चढाईत चार गुण मिळविणे अशक्य नसले तरी फार दुर्मीळ आहे. किनाऱ्यास एक गुण मिळाला व खेळ संपला. गलका मोठा होता, पण निकाल त्यापूर्वीच लागल्यासारखा होता.

मग आम्ही पत्रक उलट्या क्रमाने, शेवटाकडून आरंभाकडे वाचीत गेलो व आघाडी कोणत्या ठिकाणी बदलली ते शोधले. सामना संपण्यास आठ मिनिटे असता किनारा २२-१७ असा पुढे होता. पाच मिनिटांनी तीच गुणसंख्या खाडीच्या बाजूने २७-२४ झाली. या पाच मिनिटांत खाडीने दहा गुण केले, किनाऱ्याने दोन. त्या दहांत लोणाचे दोन गुण होते. प्रतिपक्षाचे सर्व गडी बाद केले असता जे दोन अधिक गुण मिळतात, ते हे. आता सामना लोणाने फिरला असे लिहून मोकळे होता आले असते. परंतु लोण हा परिणाम होय. त्याचे कारण त्याच्याही मागे असते.

येथे गुणपत्रक अपुरे पडते. गुण कोणत्या क्रमाने झाले हे ते सांगते. त्या वेळी मैदानात किती गडी होते, हे त्यावरून चटकन दिसत नाही. कबड्डीत तर सारी मौज त्यातच आहे. सुदैवाने विद्यार्थ्यास आठवत होते की, २२-१७ असताना खाडीचे तीनच गडी उरले होते व किनाऱ्याचे सातही गडी आत होते. त्या वेळी किनाऱ्याचा मुख्य चढाईपटू चढाईस आला. त्याने एकास स्पर्शून परत जाणे साधले असते, तर २३-१७ होऊन खाडीचे दोनच गडी राहते. ते दोघेही बाद होऊन लोण लागता, तर फलक २७-१७ दाखविता. प्रत्यक्षात डाव्या कोपऱ्यावरील गड्याने त्याचा घोटा धरला व उरलेल्या दोघांनी त्यास मध्यरेषेपासून हातभर अंतरावर अडविले. बचावास तीन किंवा त्याहून कमी गडी असता साधलेल्या पकडीस अव्वल पकड म्हणतात व तीस एक गुण अधिक मिळतो. म्हणून २२-१९ झाले, खाडीचा एक गडी जिवंत होऊन आत आला, आणि किनाऱ्याचा उत्तम चढाईपटू बाहेर बसला. तो लोण लागेपर्यंत परतलाच नाही. कारण मधल्या काळात किनाऱ्यास मिळालेले दोन्ही गुण बोनसचे होते, आणि बोनसने बाद गडी परत येत नाही.

ही पकड काढून टाकली, तर सामन्याचा निकाल तोच राहिला असता काय? नाही, असेच बहुधा उत्तर येईल. कलाटणी ओळखण्याची याहून चांगली कसोटी आम्हास ठाऊक नाही. जित आणि जेते अशा दोन्ही कर्णधारांस विचारले, तेव्हा दोघांनीही याच पकडीचे नाव घेतले. केवळ जिंकणाऱ्यास विचारले तर तो बहुधा आपली शेवटची चढाई सांगतो.

दुरुस्त वृत्त असे झाले :

“खाडीच्या संघाने शनिवारी कबड्डीच्या अंतिम सामन्यात किनाऱ्याच्या संघास ३१-२८ असे हरविले. आठ मिनिटे उरली असता खाडी २२-१७ अशी मागे होती व तिचे तीनच गडी मैदानात होते. त्या वेळी तिच्या डाव्या कोपरारक्षकाने दोघा सोबत्यांच्या साह्याने किनाऱ्याच्या मुख्य चढाईपटूस पकडले. या अव्वल पकडीनंतर पाच मिनिटांत खाडीने लोण देऊन २७-२४ अशी आघाडी घेतली व ती अखेरपर्यंत सोडली नाही. मध्यंतरास किनाऱ्याचा संघ १७-११ असा पुढे होता. शेवटच्या चढाईत त्यास एक गुण मिळाला. सामना गावच्या देवळासमोरील पटांगणात झाला.”

मोठ्या सामन्यांचे वृत्तही याच रीतीने लिहिता येते. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी अहमदाबाद येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने इराणचा ३८-२९ असा पराभव केला. एवढेच लिहिले तर सामना सहज जिंकला असे वाटेल. मध्यंतरास इराण १८-१३ असा पुढे होता, हे एक वाक्य जोडताच वाचक सावरून बसतो; आणि अजय ठाकूर याने १२ गुण मिळविले, हे सांगितल्यावर ‘सिंहाचा वाटा’ लिहिण्याची गरज उरत नाही.

सर्वच सामन्यांना कलाटणी असते असे मात्र नाही. एक संघ पहिल्या पाच मिनिटांत लोण देतो व पुढे अंतर वाढतच जाते, तेव्हा ओढूनताणून निर्णायक क्षण शोधणे म्हणजे पुन्हा खोटेच लिहिणे होय. अशा वेळी निकाल, पहिला लोण केव्हा लागला, आणि हरलेल्या संघातील एखाद्याचा चांगला खेळ, इतके पुरे. तसेच, गड्यांची संख्या स्मरणावर सोडू नये. या खेपेस विद्यार्थ्यास ती आठवली, पण दर वेळी आठवेलच असे नाही. आता आमचे विद्यार्थी वहीच्या समासात प्रत्येक गुणासोबत ‘३–७’, ‘४–६’ असे दोन्ही बाजूंचे गडी टिपून ठेवतात. सामन्याच्या गर्दीत इतकेच लिहिण्यास सवड मिळते.

राहता राहिला नारळ. मान्यवरांची नावे गाळल्याबद्दल मंडळाच्या एका वयोवृद्ध सभासदांनी आमच्याकडे तक्रार केली, व ती अगदीच अवाजवी नव्हती. देणग्या त्यांनीच जमविल्या होत्या. तेव्हा उद्घाटनाचे चार ओळींचे निराळे वृत्त करून ते सामन्याच्या वृत्ताखाली दिले. पुढे ही दोन्ही वृत्ते एका वर्तमानपत्राकडे धाडली असता जागेअभावी पहिली तीन वाक्येच छापून आली. निकाल व ती पकड त्यांत होती.