जुन्या फोटोच्या कोपऱ्यातली तारीख डाग न पडता कशी पुसावी?



शाळेच्या प्रदर्शनासाठी किंवा प्रकल्पासाठी जुने फोटो मागवले, की त्यातल्या बऱ्याच फोटोंच्या उजव्या कोपऱ्यात केशरी रंगाची तारीख असते. वीसेक वर्षांपूर्वीच्या डिजिटल कॅमेऱ्यात तारीख छापण्याची सोय असायची आणि घरोघरी ती चालूच ठेवलेली असे. मूळ मेमरी कार्ड केव्हाच हरवलेलं असतं, हातात राहते ती लॅबमधून काढलेली ४ × ६ इंची प्रिंट. ती स्कॅन करून तारीख पुसायला गेलं, की बहुतेक वेळा तिथे एक धुरकट डाग उरतो. तो का पडतो आणि कसा टाळायचा, ते एका फोटोवरून पाहू.

फोटो आहे नाशिकच्या गोदावरीच्या पुराचा. डावीकडे दुतोंड्या मारुती, समोर गढूळ पाणी, उजवीकडे खाली पुलाचा लोखंडी कठडा आणि त्याच कोपऱ्यात 19/09/2008. भूगोलाच्या तक्त्यावर तो मोठा करून लावायचा आहे.

आधी तारीख लिहून ठेवा

पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, यावर आपण नाशिककर पुराचा अंदाज घेतो. म्हणजे या फोटोत मारुती ही मोजपट्टी आहे आणि तारीख म्हणजे त्या मोजमापाची नोंद. ती नुसतीच पुसली, तर पुढे हा पूर कोणत्या वर्षीचा हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून तारीख चित्रातून काढायची, पण फाइलमध्ये ठेवायची.

त्याआधी ती खरी आहे का तेही बघा. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली, की त्याचं घड्याळ मूळ तारखेवर जायचं. पुराच्या फोटोवर 01/01 दिसलं, तर ती तारीख चुकीची समजा, जानेवारीत गोदावरीला असा पूर येत नाही. 05/09 असेल तर ५ सप्टेंबर की ९ मे? फोटोत शिक्षकदिनाचा कार्यक्रम दिसत असेल, तर उत्तर तिथेच मिळतं. आपल्या फोटोत 19 हा महिना असूच शकत नाही, आणि १९ सप्टेंबर २००८ ला गोदावरीला मोठा पूर आलाच होता. त्यामुळे तारीख पक्की.

डाग का पडतो?

आकड्यांच्या खाली मूळ चित्र लपलेलं असतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कॅमेऱ्याने ते ठिपके पुसूनच तिथे आकडे लिहिलेले असतात. त्यामुळे पुसणं म्हणजे शेजारचं पाणी आणून तिथे भरणं.

दुसरं म्हणजे, केशरी रंग आकड्यांच्या कडेला थांबत नाही. जेपेग फाइल जागा वाचवण्यासाठी रंगाची माहिती ढोबळ करून ठेवते, म्हणून तो आकड्याबाहेर थोडा झिरपतो. त्यात प्रिंट आणि स्कॅनचा पसरटपणा मिसळतो. डोळ्यांना आकडा दिसतो, पण त्याच्याभोवती एक फिकट तपकिरी वलय असतं. आपण फक्त आकडा पुसतो, वलय तसंच राहतं आणि तोच डाग दिसतो.

प्रत्यक्ष काम

प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन करा, म्हणजे साधारण २४०० × ३६०० ठिपक्यांचं चित्र मिळतं. स्कॅनरची धूळ काढण्याची आणि आपोआप धार वाढवण्याची सोय बंद ठेवा. फाइल TIFF किंवा PNG मध्ये साठवा. या मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, काम त्याच्या प्रतीवर करायचं.

प्रत जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि `Layer > Duplicate Layer` ने थराची एक प्रत काढा. याच थरावर पुसायचं. नंतर आणखी एक प्रत काढून तिच्यावर `Colors > Saturation` भरपूर वाढवा. आता ते वलय चक्क केशरी दिसू लागेल. आमच्या फोटोत ते आकड्याच्या कडेपासून दहा-बारा ठिपके बाहेर होतं. किती पसरलंय ते नीट लक्षात ठेवा आणि हा भडक थर लपवा.

आता 2008 हे आकडे कठड्यावर आहेत आणि 19/09 पाण्यावर. सुरुवात कठड्यापासून करायची. `Clone` घ्या, ब्रश आकड्याच्या रेघेपेक्षा थोडा मोठा ठेवा आणि `Hardness` निम्म्याच्या वर. Ctrl दाबून कठड्याच्या वरच्या कडेवर, आकड्यापासून दूर, क्लिक करा. मग त्याच कडेवर, आकडा जिथे तिला छेदतो तिथे ब्रश टेकवा. कडेला कड जुळली, की रेघ सरळ पुढे जाते. ती जुळली नाही तर Ctrl+Z करून पुन्हा टेकवा.

मग पाणी. तेही `Clone` नेच, वलयासकट झाका. दर दोन-तीन टेकव्यांनंतर नमुना घेण्याची जागा बदला, नाहीतर एकच लाट तीनदा उमटते आणि लगेच ओळखू येते. नमुना आकड्याच्या जवळचाच घ्या, कारण लांबच्या पाण्याचा उजेड वेगळा असतो.

सगळं केशरी झाकल्यावरच `Heal` हातात घ्यायचं. हे साधन नमुन्यातून पोत घेतं, पण रंग जिथे लावतोय तिथला घेतं. तिथे केशरी उरलं असेल तर ते केशरीच पसरवतं, आणि ब्रश कठड्याला लागला तर त्याचा काळा रंग पाण्यात ओढतं. बहुतेकांचा डाग नेमका इथे पडतो, कारण पहिल्यापासून `Heal` च फिरवलेलं असतं. आपण ते फक्त पाण्यातले सांधे मिटवायला, छोट्या ब्रशने आणि कठड्यापासून लांब वापरायचं.

जमलं की नाही, कसं ओळखायचं?

चित्र १०० टक्क्यांवर ठेवून खुर्ची मागे घ्या. नंतर पुसलेल्या थराची प्रत काढून पुन्हा `Saturation` वाढवा. केशरी छटा दिसली, तर वलय उरलंय. छटा नाही, पण तो भाग आजूबाजूपेक्षा गुळगुळीत दिसतोय? मग ब्रश फार मऊ होता आणि फोटोचे दाणे पुसले गेले. तिथे कडक ब्रशने पुन्हा `Clone` करा.

आकडे एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर किंवा पाटीवरच्या अक्षरांवर आले असतील, तर हा उपाय नको. तिथे आपण जे भरू ते मनाचं असेल. कोपरा कापता येत असेल तर कापा, नाहीतर तारीख राहू द्या. नुकसानभरपाईसारख्या कामाला लागणारा फोटोही जसा आहे तसाच द्यावा.

शेवटी

तात्पुरते भडक थर काढून टाका. `File > Export As` ने जेपेग करा, `Quality` ९० च्या वर. मग एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने तारीख फाइलच्या आत लिहा. फोटोवर वेळ नसल्याने इथे शून्य ठेवली आहे:

```
exiftool -DateTimeOriginal="2008:09:19 00:00:00" godavari.jpg
```

मूळ फाइल `godavari.jpg_original` या नावाने शेजारी राहते. हे करायचं नसेल तर फाइलच्या नावातच `2008-09-19` लिहा. आणि तक्त्यावर फोटोखाली ओळ द्या: ‘गोदावरी, नाशिक, १९ सप्टेंबर २००८. कोपऱ्यातील छापील तारीख काढली आहे.’ म्हणजे बघणाऱ्या मुलांना पूर कधीचा ते कळेल, आणि चित्रात कुठे हात लागलाय तेही.