दुसऱ्या भाषेतील शिवी बोलणाऱ्याला सौम्य का वाटते?

या पाठात आपण काय पाहणार आहोत

मातृभाषेत जो शब्द तोंडातून काढताना जीभ अडते, तशाच अर्थाचा शब्द नंतर शिकलेल्या भाषेत सहज बोलला जातो. हे का घडते, आणि त्यामुळे बोलणाऱ्याचा अंदाज कुठे चुकतो, हे या पाठात समजून घेऊ. त्यासाठी जबलपूरमधील मराठी भाषकांचे उदाहरण घेऊ. तिथे एकच मराठी मातृभाषा असलेले, पण हिंदीशी अगदी वेगळे नाते असलेले दोन प्रकारचे लोक भेटतात.

१. एक प्रसंग

वसतिगृहात सहज घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सांगलीचा एक विद्यार्थी अभियांत्रिकीसाठी जबलपूरला आला आहे. त्याची हिंदी शाळेच्या पुस्तकातली आणि सिनेमातली. खोलीतला मित्र दमोहचा, घरी हिंदी बोलणारा. कॅरम खेळताना मित्राचा नेम चुकला की सांगलीचा मुलगा म्हणतो, "क्या साले, इतना आसान था!" मित्र हसतो. बाकीची मुलेही एकमेकांना असेच बोलतात.

पुढच्या आठवड्यात मित्राची मोठी बहीण त्याला भेटायला येते. दोघे भावंडे फाटकापाशी बोलत उभी असताना सांगलीचा मुलगा लांबून हाक मारतो, "अबे साले, जल्दी चल, मेस बंद हो जाएगी!" मित्र काही बोलत नाही. रात्री तो जेवायला वेगळ्या टेबलावर बसतो. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर सांगलीचा मुलगा मनापासून म्हणतो, "अरे, मी रोजच तर म्हणतो. त्यात काय एवढं?"

तो खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच त्या शब्दात काही जाणवलेले नाही. अडचण नेमकी तीच आहे.

हिंदीत 'साला' म्हणजे बायकोचा भाऊ. एखाद्याला साला म्हणणे म्हणजे 'तुझी बहीण माझी बायको' असे सुचवणे. मित्रामित्रांत हा अर्थ झोपलेला असतो. बहीण समोर उभी असली की तो जागा होतो. मराठी मुलाच्या मनात या नात्यासाठी 'मेहुणा' हा शब्द आहे, आणि मेहुणा ही काही शिवी नाही. 'साला' त्याच्याकडे नात्याच्या अर्थाशिवाय, नुसता एक उद्गार म्हणून आला.

२. शरीर काय सांगते

शब्दाचा अर्थ माहीत असणे आणि तो शब्द अंगाला जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट काही प्रमाणात मोजता येते. भावना उद्दीपित झाली की तळहाताला किंचित घाम येतो आणि त्वचेची विद्युतवाहकता वाढते. बोटांना लावलेल्या संवेदकांनी हा बदल टिपता येतो.

२००३ साली कॅथरीन हॅरिस, आयशे आयचिचेगी आणि जीन बर्को ग्लीसन यांनी ही पद्धत वापरली. सहभागी ३२ जण तुर्की मातृभाषेचे होते आणि इंग्रजी उशिरा शिकलेले होते. त्यांना दोन्ही भाषांतील साधे शब्द, निषिद्ध शब्द आणि लहानपणी मोठी माणसे मुलांना दटावताना वापरतात ती वाक्ये देण्यात आली. इंग्रजीतील निषिद्ध शब्दांनाही शरीराने प्रतिसाद दिला, पण तुर्कीतील शब्दांना तो अधिक होता. दटावणीच्या वाक्यांत तर फरक फारच ठळक होता. 'लाज नाही वाटत?' अशा धर्तीचे वाक्य तुर्कीत ऐकताच प्रतिसाद उसळे, इंग्रजीत मात्र जवळपास काहीच होत नसे.

याचे कारण शब्द कसा शिकला गेला यात आहे. मातृभाषेतील शिवी आपण शब्दकोशातून शिकत नाही. ती कुणाच्या तरी रागावलेल्या चेहऱ्यासह, भांडणाच्या आवाजासह आणि ती आपण उच्चारल्यावर बसलेल्या चापटीसह शिकतो. म्हणून तो शब्द ओठावर येण्याआधीच आतून एक ब्रेक लागतो. दुसऱ्या भाषेतील शिवी बहुतेक वेळा सिनेमातून किंवा मित्रांच्या हसण्यातून येते. तिच्यामागे चापट नसते, म्हणून ब्रेकही लागत नाही.

जाँ-मार्क द्वेले यांनी २००४ मध्ये एक हजारांहून अधिक बहुभाषिकांच्या उत्तरांवरून हेच दुसऱ्या बाजूने दाखवले. शिव्यांची धार सर्वसाधारणपणे प्रथम भाषेत सर्वाधिक जाणवते. पुढे शिकलेल्या भाषेत ती किती जाणवेल हे ती भाषा कोणत्या वयात शिकली, फक्त वर्गात शिकली की माणसांत वावरून, आणि ती किती वापरली जाते यावर अवलंबून असते.

३. जबलपूरमधील दोन मराठी भाषक

इथे जबलपूरचे उदाहरण उपयोगी पडते. हे शहर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे आहेत. अशा घरातला मुलगा आजीशी मराठी बोलतो, पण गल्लीतले क्रिकेट, शाळेतली भांडणे आणि पहिली मारामारी हे सारे हिंदीत झालेले असते.

आता सांगलीचा विद्यार्थी आणि हा जबलपूरचा मराठी मुलगा शेजारी ठेवा. दोघांनाही 'मातृभाषा कोणती?' विचारले तर उत्तर 'मराठी' येईल. पण फाटकापाशी बहिणीदेखत 'साले' ऐकून जबलपूरचा मुलगा दचकेल, सांगलीचा दचकणार नाही. हॅरिस यांच्याच २००४ च्या स्पॅनिश-इंग्रजी भाषकांवरील अभ्यासातही लहानपणापासून दोन्ही भाषांत वाढलेल्यांमध्ये असा फरक दिसला नव्हता. म्हणजे जाणिवेचा संबंध 'मातृभाषा' या शिक्क्याशी नसून शिकण्याच्या इतिहासाशी आहे.

हेच तत्त्व उलट दिशेनेही लागू करून पाहा. जबलपूरचा तो मुलगा पुढे पुण्याला शिकायला गेला. घरात आजीकडून त्याने 'मूर्खा', 'वेंधळा', 'लाज नाही का वाटत' एवढेच ऐकले होते. रांगड्या मराठी शिव्या तो पुण्याच्या वसतिगृहात, विसाव्या वर्षी, हसतखेळत शिकेल. मग आजीचे 'लाज नाही का वाटत' त्याला झोंबेल, पण जड मराठी शिवी हलकी वाटण्याची शक्यता आहे, आणि तीही त्याच्या स्वतःच्या मातृभाषेत.

४. दिशाभूल नेमकी कुठे होते

इथे एक घाईचा निष्कर्ष टाळायला हवा. दुसऱ्या भाषेचे भाषक सगळेच शब्द सौम्य समजतात, असे नाही. द्वेले यांनी २०१६ मध्ये इंग्रजीतील ३० शब्दांबद्दल इंग्रजी मातृभाषकांना आणि इंग्रजी नंतर शिकलेल्यांना विचारले. नंतर शिकलेल्यांनी बहुतेक शब्द मातृभाषकांपेक्षा जास्तच अपमानास्पद ठरवले. यादीतील सर्वांत जड शब्दाबद्दल मात्र त्यांचा अंदाज कमी पडला.

म्हणजे प्रश्नपत्रिका समोर ठेवून शांतपणे विचारले तर शिकणारा सावध असतो. बोलण्याच्या भरात तो विचार करत नाही, आतल्या ब्रेकवर विसंबतो. मातृभाषेत हा ब्रेक विश्वासू असतो, म्हणून त्याच्यावर विसंबायची सवय लागलेली असते. दुसऱ्या भाषेत ब्रेक लागत नाही आणि बोलणारा त्याचा अर्थ 'रस्ता मोकळा आहे' असा लावतो. खरा अर्थ एवढाच असतो की, हा शब्द मी अजून दुखावून घेत शिकलेलो नाही. ऐकणाऱ्याला तो किती लागेल याबद्दल ती शांतता काहीच सांगत नाही.

'पण सगळे तर तसेच बोलतात' हा बचावही तपासू. मराठीतील 'च्यायला' घ्या. मूळ अर्थ आईवरचा, पण झिजून झिजून तो साधा उद्गार झाला आहे. मराठी मुलगा तो दिवसातून दहादा म्हणतो, पण मुख्याध्यापकांसमोर किंवा मित्राच्या आईसमोर गिळतो. शब्द झिजलेला आहे हे आणि तो कुठे झिजलेला नाही हे, दोन्ही त्याला ठाऊक असते. दुसऱ्या भाषेत पहिला भाग लगेच ऐकू येतो. दुसरा भाग ऐकू येत नाही, कारण जिथे शब्द गिळला जातो तिथे ऐकण्यासारखे काही घडतच नाही.

शिवी नसलेल्या शब्दांतही हे घडते. मराठी मुलगा आईला आणि आजीला 'तू' म्हणतो, त्यात मायाच असते. तीच सवय घेऊन तो जबलपूरच्या मेसमधील वयस्क आचाऱ्याला "तू कल कहाँ था?" विचारतो. हिंदीत अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला 'तू' म्हणणे हा सरळ तुच्छतेचा स्वर आहे. बोलणाऱ्याच्या अंगावर काटा येत नाही, कारण त्याच्या 'तू'मध्ये आई आहे.

५. कसे ओळखावे आणि काय करावे

शब्द लागला याची खूण क्वचितच भांडणाने मिळते. बहुधा समोरचा क्षणभर गप्प होतो, हसू अर्ध्यावर थांबते, 'तू'वरून तो अचानक 'आप'वर येतो, किंवा तोच शब्द प्रश्नासारखा परत उच्चारतो.

नुसते भाषांतर करून शब्दाचे वजन कळत नाही. 'साला' म्हणजे 'मेहुणा' असे भाषांतर केले तर शिवी नाहीशीच होते. त्याऐवजी त्या भाषेत वाढलेल्या मित्राला तीन प्रश्न विचारा: हा शब्द तू कुणाला म्हणणार नाहीस? कुणाच्या देखत म्हणणार नाहीस? तुला कुणी रागाने म्हटला तर काय करशील? शब्द कुठे बोलला जात नाही, हे या उत्तरांतूनच कळते.

चूक झाल्यावर 'आमच्याकडे यात काही वाटत नाही' असे म्हटले तर आपलेच मोजमाप पुन्हा समोरच्यावर लादले जाते. 'या शब्दाचे वजन मला कळले नव्हते' हे खरेही आहे आणि पुरेसेही.

नियमही परिणामाकडे पाहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांतील व्याख्येत बोललेले किंवा लिहिलेले शब्दही येतात, आणि त्या वर्तनाचा नवीन विद्यार्थ्यावर काय परिणाम झाला हे त्यात पाहिले जाते. २०१६ च्या दुरुस्तीने प्रदेश आणि भाषिक ओळख यांवरून दिलेला त्रासही व्याख्येत आणला. 'मला तसे वाटले नाही' हे उत्तर तिथे फार पुढे जात नाही.

स्वाध्याय

१. तुम्हाला येणाऱ्या दोन भाषांतील दटावणीचे प्रत्येकी एक वाक्य निवडा. दोन्ही मोठ्याने उच्चारा. कोणते अधिक झोंबते? ते तुम्ही कुठे, कोणाकडून शिकलात?

२. तुमच्या मातृभाषेतील एक झिजलेला उद्गार निवडा आणि तो तुम्ही कोणत्या तीन ठिकाणी गिळता ते लिहा. परप्रांतातून आलेल्या मित्राला ही ठिकाणे कशी कळतील?

३. फाटकापाशीच्या प्रसंगात बहीण तिथे नसती, पण मित्र त्या दिवशी नापास झाला असता, तर 'साले' या शब्दाचे वजन बदलले असते का? कारणे द्या.