श्वासनलिका मोकळी, तरी दम का लागतो?

मुंब्र्यात आमच्या नात्यातल्या एक खाला आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी, पलंगावरून उठून न्हाणीघराकडे जाताना त्यांना एकाएकी दम लागला. घरच्यांना वाटलं, दम्याचा झटका आहे. शेजाऱ्यांचा इन्हेलर तोंडाला लावला, पण फरक पडला नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, तर कुठेही घरघर नव्हती. एक्स-रेही स्वच्छ आला. नाडी मात्र १२० होती आणि डावी पोटरी उजवीपेक्षा सुजलेली होती. खरी खूण तीच होती. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. तिचा तुकडा सुटून हृदयातून पुढे गेला आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकला. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात.

हवा नीट आत जात होती, मग दम कशाचा?

फुप्फुसात हवा आणि रक्त यांची गाठ पडावी लागते. समजा, फलाटावर माणसं जमली आहेत, पण गाडीच येत नाही. माणसं आली तशी परत जातात. गुठळीच्या पुढच्या भागात असंच होतं. हवा येते, पण तिथे रक्त पोचत नसल्याने ती ऑक्सिजन न देता, कार्बन डायऑक्साइड न घेता बाहेर पडते. अशा वाया जाणाऱ्या हवेच्या जागेला डॉक्टर ‘डेड स्पेस’ म्हणतात.

थोडी डेड स्पेस सगळ्यांनाच असते. एका श्वासात आपण सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० घसा आणि नळ्यांतच राहते, ३५० कामाला येते. मिनिटाला १५ श्वास धरले, तर कामाची हवा ५,२५० मिलिलिटर झाली. आता गुठळीमुळे डेड स्पेस २५० झाली असं धरू. प्रत्येक श्वासात कामाची हवा २५०च उरते. तेवढेच ५,२५० भरून काढायला मिनिटाला २१ श्वास लागतात. हा जास्तीचा खटाटोप म्हणजेच दम. शिवाय अडलेलं रक्त उरलेल्या भागांकडे वळतं. तिथे ते हवेच्या मानाने जास्त होतं, म्हणून ऑक्सिजनही पुरेसा मिसळत नाही. उजव्या हृदयावरही ताण येतो.

इन्हेलर नळ्या रुंद करतो. इथे नळ्या रुंदच होत्या, म्हणून त्याचा उपयोग झाला नाही. खालांची गुठळी रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये दिसली. गुठळी वाढू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध लगेच सुरू झालं. ते तीन महिने चाललं.

एक सावधगिरी. गुठळी लहान असेल, तर बोटावरचं ऑक्सिमीटर ९७ही दाखवू शकतं. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ऑपरेशन, बाळंतपण किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यानंतर एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, चक्कर आली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर दोन्ही पोटऱ्या पाहा. मात्र सूज नसली, तरी थांबू नका. त्याच वेळी रुग्णालय गाठा.