एकाच चित्रातून तीन राक्षस

द्विमितीय गेममध्ये हिरवा, निळा आणि लाल असे तीन राक्षस दिसले, तरी मूळ चित्र बरेचदा एकच असते. रंगछटा ३६० अंशांच्या वर्तुळावर मोजतात: लाल ०, हिरवा १२०, निळा २४०. शेडर म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम. त्याने छटेत १२० अंश मिळवले की हिरवा राक्षस निळा होतो, २४० मिळवले की लाल. काळी बाह्यरेषा आणि पांढरे डोळे तसेच राहतात, कारण त्यांना छटाच नसते.

गोची होते ती जिभेची. राक्षस निळा झाला की त्याची लाल जीभ हिरवी पडते. त्यावर उपाय म्हणजे त्याच मापाचे दुसरे काळे-पांढरे चित्र. त्यात जिभेची जागा काळी ठेवायची आणि शेडरला फक्त पांढऱ्या भागाचा रंग बदलायला सांगायचे. मूळ राक्षसच राखाडी असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही.